उद्याच्या मीटिंगचा अजेंडा मेल कसा लिहावा

चाकण-भोसरीकडच्या कारखान्यात लागलात की थोड्याच दिवसांत ‘अजेंडा तू टाक’ हे काम अंगावर येतं. नवखा माणूस विषयांची यादी करतो: पॅकिंग, खर्च, क्रेट, इतर. अशा यादीवर लोक तासभर बोलतात आणि चहा घेऊन उठतात, कारण ठरवायचं काय हे कुठे लिहिलेलंच नसतं.

म्हणून मेल लिहायला बसलात की शेवटाकडून सुरुवात करा. मीटिंग संपताना कोणतं वाक्य मिनिट्समध्ये जायला हवं, ते आधी ठरवा. ‘चर्चा करणे’, ‘आढावा घेणे’ असे शब्द आले की समजा, तुम्हालाच अजून प्रश्न सापडलेला नाही.

एक उदाहरण घेऊ. ब्रॅकेट बनवणारा कारखाना पुठ्ठ्याचे बॉक्स सोडून परत येणारे प्लास्टिक क्रेट वापरायचा विचार करतोय. मेल असा जाईल:

विषय: निर्णय हवा – क्रेट की बॉक्स, शुक्र. 11 ते 11:45

उद्देश: ब्रॅकेटसाठी क्रेट घ्यायचे का आणि किती, हे ठरवणे.

आधी वाचा (10 मिनिटं): सोबतच्या टिपणाचं पान 2 आणि खर्चाचा तक्ता. बाकी पानं संदर्भापुरती.

अपेक्षित निर्णय:
1. क्रेट घ्यायचे की नाही – प्लांट हेड
2. घ्यायचे तर पहिली ऑर्डर किती – परचेस
3. धुलाई आणि परतीची नोंद कोणाकडे – स्टोअर्स

आणायची माहिती: डिस्पॅचने क्रेट परत यायला किती दिवस लागतील, ते ट्रान्सपोर्टरकडून विचारून आणावं.

विषयात ‘निर्णय हवा’ पुढे आहे, कारण फोनवर विषयाची शेपटी कापली जाते. प्रत्येक निर्णयापुढे एकच नाव आहे. तिथे ‘सर्व विभाग’ लिहिलं की निर्णय कोणाचाच राहत नाही. प्लांट हेड येणार नसतील तर पहिला मुद्दा ठेवून उपयोग नाही. त्यांच्या वतीने कोण हो म्हणू शकतं, हे मेल टाकण्याआधी फोन करून विचारा.

सगळ्यात जास्त डोकं लावायचं ते ‘आधी वाचा’ या भागाला. वीस पानांची पीपीटी जोडली तर कोणी उघडत नाही; पान क्रमांक दिला तर निदान तेवढं पान वाचलं जातं. त्या पानावर निर्णय ज्यावर अडलाय तो आकडा हवा. इथे एकदाच वापरायचा बॉक्स 38 रुपयांना पडतो, तेवढाच माल मावणारा क्रेट 650 रुपयांना, आणि क्रेटच्या प्रत्येक फेरीला परतीचं भाडं व धुलाई मिळून 9 रुपये. म्हणजे फेरीमागे 29 रुपये वाचतात आणि तेविसाव्या फेरीत क्रेटचे पैसे फिटतात. इथवर सगळे माना डोलावतील. भांडण होतं ते संख्येवरून. रोज 120 क्रेट जात असतील आणि परत यायला 8 दिवस लागत असतील, तर 960 क्रेट सतत फिरतीवर हवेत. 12 दिवस लागले तर 1,440. ऑर्डरचा आकडा थेट दीडपट होतो. म्हणूनच डिस्पॅचचं काम मेलमध्ये वेगळ्या ओळीत लिहिलंय. ते मीटिंगमध्येच विचारलं असतं तर ‘बघून सांगतो’ हे उत्तर ठरलेलं.

आता वेळ. मेल एक दिवस आधी जायला हवा, आणि ‘एक दिवस आधी’ म्हणजे कामाचा एक दिवस. या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. मग शुक्रवारच्या मीटिंगचा मेल बुधवारी सकाळीच जायला हवा, म्हणजे ट्रान्सपोर्टरला फोन करायला डिस्पॅचकडे दिवस उरतो. संध्याकाळी सातला टाकलेला मेल लोक दुसऱ्या दिवशी मीटिंगच्या खोलीत बसून वाचतात, तेही आकडे वाचायचे म्हणून कपाळाला आठ्या घालून.

तक्ता लिंकने देत असाल तर ती सगळ्यांना उघडते का, हे दुसऱ्या विभागातल्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर पाहून घ्या. तुमच्याकडे ती उघडणारच, फाइल तुमची आहे. मेल गेल्यावर तक्त्यात आकडा बदलला तर गुपचूप फाइल बदलू नका. त्याच मेलवर सगळ्यांना एका ओळीत जुना आणि नवा आकडा कळवा. नाहीतर प्रिंट घेऊन आलेला माणूस जुन्या आकड्यावर वाद घालत बसतो.

मीटिंगआधीच्या कामाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत परतीचे दिवस कळलेच नाहीत, तर दुसरा मुद्दा काढून टाका आणि तसं कळवा. पहिला आणि तिसरा 25 मिनिटांत उरकतो, आणि परचेसला अंदाजपंचे ऑर्डर द्यावी लागत नाही.