रिक्षाच्या पाठीवर ब्रँडचं चित्र लावताय? सांध्यांपाशी होणाऱ्या या चुका टाळा

मे महिन्यात जोगेश्वरीच्या एका गल्लीत आम्ही १२ रिक्षांच्या मागच्या पत्र्यावर एका चहाच्या ब्रँडचं चित्र लावलं. मधोमध वाफाळता कप आणि वर ठळक अक्षरांत ‘गवती चहा’. लावलं त्या दिवशी सगळे खूश होते. तीन आठवड्यांनी त्यातली एक रिक्षा मला सिग्नलला पुढे उभी दिसली. इंजिनाच्या झाकणावरच्या आडव्या सांध्यापाशी चित्र छापलेलं चिकट विनाइल फाटलं होतं आणि त्या पट्टीबरोबर ‘ती’ची वेलांटी गेली होती. खाली नुसता काना उरला होता, म्हणजे रस्त्यावर सगळे ‘गवता चहा’ वाचत होते. त्यानंतर बाराही रिक्षा परत बोलावून एकेक तपासल्या. त्यात जे दिसलं ते इथे लिहितोय, कारण याच चुका मला मुंबईभर रोज दिसतात.

फोटोवर डिझाइन करणं

बहुतेक वेळा सुरुवात इथेच चुकते. डिझायनरकडे रिक्षाचा मागून काढलेला फोटो जातो, तो त्यावर चौकोन आखतो आणि चित्र बसवतो. पण रिक्षाची पाठ सपाट नाही. मधला भाग बऱ्यापैकी सरळ असतो, दोन्ही बाजूंना टेललाइटकडे जाताना पत्रा गोल वळतो आणि वर हुडाकडे जाताना थोडा आत झुकतो. आमच्या रिक्षेवर सरळ काठी धरून मोजलं तेव्हा रुंदी १०४ सेंटिमीटर भरली. शिंप्याचा टेप पत्र्याच्या अंगावरून फिरवला तेव्हा ११२ भरली. डिझाइन १०४ चं होतं. प्रत्येक बाजूला ४ सेंटिमीटर काळा पत्रा उघडा राहत होता, म्हणून लावणाऱ्या मुलाने हीट गन मारून विनाइल ताणलं आणि कडेपर्यंत नेलं. पुढे काय झालं ते खाली येईलच.

फोटो आणखी एका बाबतीत फसवतो. पत्रा आपल्यापासून ६० अंश वळला की तिथलं १० सेंटिमीटर रुंद अक्षर मागच्या गाडीवाल्याला ५ सेंटिमीटरच दिसतं. म्हणून नाव नेहमी मधल्या सरळ भागात मावायला हवं. वळणावर रंग, पानं, वाफ, नक्षी असं काहीही चालेल, अक्षर नको. काही जण कडेची अक्षरं मुद्दाम रुंद करतात. ती बरोबर मागून नीट दिसतात, पण शेजारच्या लेनमधून बेढब वाटतात, आणि मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा तिरकीच जास्त दिसते.

मोजमाप पत्र्यावरच घ्यायचं. मोठा बटर पेपर मास्किंग टेपने मधल्या रेषेपासून दोन्हीकडे चिकटवत न्यायचा आणि जिथे सुरकुती पडेल तिथे कापून एकावर एक सरकवायचा. मग मेणाचा खडू आडवा धरून घासायचा. सांधे, बिजागरी, झाकणाची कड, हवेच्या फटी, टेललाइट आणि नंबरप्लेटच्या जागा आपोआप उमटतात. कागदावर मधली उभी रेषा आणि १० सेंटिमीटरची एक खूण काढली की स्कॅन केल्यावर माप चुकत नाही. या कामाला अर्धा तास पुरतो. आणि झाकण उघडून बघायचंच. मी चालक काकांना म्हटलं, “काका, जरा झाकण उघडता का?” ते म्हणाले, “मी तर हे रोज उघडतो. तुमचा कप बरोबर मधून चिरला जाणार, बघा.” त्यांना जे दिसलं ते आमच्या स्क्रीनवर कुणालाच दिसलं नव्हतं.

शिरोरेषा सरळ ठेवणं

ही अडचण खास आपल्या लिपीची. पाठीचा पत्रा वर अरुंद आणि खाली रुंद असतो, म्हणजे शंकूचा तुकडा म्हणा. सपाट कागदावरची सरळ पट्टी अशा पत्र्यावर मधोमध आडवी धरून चिकटवली की तिची दोन्ही टोकं खाली झुकतात. रोमन अक्षरांत ते पटकन कळत नाही. देवनागरीत मात्र वर अखंड शिरोरेषा असते आणि तिच्यावर चार बोटांवर पत्र्याचा आडवा सांधा असतो. दोन रेषा जवळजवळ आल्या की एक सेंटिमीटरचा झोकही डोळ्यांत खुपतो. आमच्या कामात टोकं दीड सेंटिमीटर खाली गेली होती, आणि ग्राहक म्हणत होता की अक्षरं थकल्यासारखी दिसतात. त्याचं बरोबर होतं.

उपाय सोपा आहे. पत्र्यावर सांध्यापासून सारख्या अंतरावर बारीक मास्किंग टेपची रेषा मारायची आणि ती बटर पेपरवर उतरवायची. कागद सपाट केला की तीच रेषा टोकांना वर वळलेली दिसते. अक्षरं त्या वळणाने बसवायची. पण नाव वक्र रेषेवर टाइप करू नका. तसं केलं की प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे कलतं आणि शिरोरेषेत पाचरीसारख्या फटी पडतात. Illustrator मध्ये आधी `Type > Create Outlines`, मग शिरोरेषा जोडून एक आकार करा आणि त्यानंतर `Object > Envelope Distort > Make with Warp` मधला `Arc` वापरा. `Bend` उणे ठेवा, म्हणजे टोकं वर जातील. आकडा अंदाजाने टाकू नका. बटर पेपरचा स्कॅन खाली ठेवून त्यावरच्या रेषेशी जुळवा.

सांध्यावरून विनाइल सलग नेणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. दोन पत्रे जिथे भेटतात तिथे खोबण असते. लावणारा वरून स्क्वीजी फिरवतो, विनाइल खोबणीवर ढोलकीच्या कातड्यासारखं ताणलं जातं आणि छान सपाट दिसतं. त्याच्याखाली मात्र हवा असते. रिक्षा धावते तेव्हा इंजिनाच्या धक्क्यांनी दोन्ही पत्रे वेगवेगळे हलतात. दुपारी काळा पत्रा तापतो, आतली हवा फुगते, रात्री आक्रसते. आठवड्याभरात खोबणीच्या दोन्ही कडांवरचा गोंद सुटायला लागतो. त्यात पहिला पाऊस शिरला की पाणी, धूळ आणि तेलकट काजळी आत बसते आणि ते विनाइल परत चिकटत नाही. आत पत्र्याला गंजही धरतो, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तर लवकर.

हे ओळखायला बोट पुरे. सांध्यावर हलकं दाबा. विनाइल आत जाऊन परत वर आलं तर ते पूल बांधून बसलंय. लावून एक-दोन दिवसच झाले असतील तर सांध्याच्या मधोमध चिरून, थोडी ऊब देऊन दोन्ही कडा आपापल्या पत्र्यावर दाबता येतात. आत धूळ गेली असेल तर तेवढी पट्टी काढून नवी लावा, जुनीवर मेहनत वाया घालवू नका.

मुळात चित्रच सांध्यांनुसार तुकड्यांत करायला हवं. आम्ही दुसऱ्यांदा तेच केलं. वरची पट्टी, इंजिनाचं झाकण आणि दोन कोपरे असे चार तुकडे, प्रत्येकाला चहूबाजूंनी २ सेंटिमीटर जास्तीची छपाई. ही जास्तीची जागा लागतेच, कारण एकाच मॉडेलच्या दोन रिक्षा सारख्या नसतात. एखादीचं डेंटिंग झालेलं असतं आणि झाकण तेवढ्याने सरकलेलं असतं. झाकणाच्या कडेला विनाइल आत दुमडायचं, पण स्थिर सांध्यावर कडेपासून २ मिलिमीटर अलीकडे थांबवायचं. लांबून ती बारीक काळी रेघ सांध्यातच मिसळते. कापताना ब्लेड थेट पत्र्यावर चालवू नका. रंग चिरला की तिथूनच गंज सुरू होतो. विनाइलखाली आधी नाइफलेस टेप लावला की त्यातला दोरा ओढून कापता येतं.

अक्षरं तुकड्यांत कशी विभागायची हा खरा विचार. उभा सांधा शिरोरेषेला छेदत असेल तर चालतं, डोळा ती रेषा जोडून घेतो. पण तोच सांधा कान्यावर आला तर काना नाहीसा होतो. आणि आडवा सांधा शिरोरेषेच्या लगेच वर आला तर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार एका पत्र्यावर आणि अक्षर दुसऱ्यावर जातं. म्हणून आम्ही नाव ६ सेंटिमीटर खाली घेतलं, वेलांटीसकट सगळं झाकणाच्या पत्र्यात. कप लहान केला, डावीकडे सरकवला आणि हवेच्या फटींवर फक्त हिरवा रंग ठेवला. ग्राहकाला कप मोठाच हवा होता. मी त्यांना रिक्षेपाशी नेऊन झाकण उघडून दाखवलं, मग ते तयार झाले.

ताणलेलं विनाइल

आता ते कोपऱ्यावर ताणलेलं विनाइल. साधं कॅलेंडर्ड, म्हणजे रुळांतून लाटून बनवलेलं विनाइल ताणलं की त्याला मूळ आकार आठवतो. उन्हात ते परत आक्रसतं आणि कडेला गोंदाची काळी, धुळकट रेघ उरते. अशी रेघ दिसली की दोष गोंदाचा नसतो, ताणाचा असतो. दोन्ही दिशांनी वळणाऱ्या कोपऱ्यासाठी कास्ट, म्हणजे ओतून बनवलेलं विनाइल घ्या आणि लॅमिनेशनही कास्टच. साधं लॅमिनेशन वर चढवलं तर कास्टचे पैसे वाया. लावून झाल्यावर वळणांवर हीट गनने ऊब द्यायची, साधारण ९५ ते १०५ अंश, इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजून. तुमच्या विनाइलच्या माहितीपत्रकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. कास्ट महाग पडतं, म्हणून आम्ही ते फक्त कोपऱ्यांना वापरलं. मधल्या सरळ भागाला कॅलेंडर्डमधलंच चांगलं पॉलिमेरिक पुरतं. मात्र काळ्या पत्र्यावर ग्रे ग्लूचंच घ्या, नाहीतर पांढरा रंग मळका दिसतो.

मधोमध, सांध्यापासून दूर फोड आले तर पत्रा नुकताच रंगवलाय का ते विचारा. ताज्या रंगातून वाफ निघत राहते. आणि रिक्षेला पॉलिश मारलं असेल तर नुसत्या साबणाने भागत नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसूनच लावा. नंबरप्लेट, टेललाइट, इंडिकेटर आणि रिफ्लेक्टर यांवर तसूभरही विनाइल येऊ द्यायचं नाही.

दुसऱ्यांदा लावलेल्या रिक्षा सप्टेंबरात पाहिल्या. सांधे बाराही रिक्षांवर ठीक होते, वेलांटी जागेवर होती. दोन रिक्षांना मात्र टेललाइटच्या रबरापाशी सेंटिमीटरभर कड सुटली होती. तिथे आम्ही विनाइल रबराखाली खोचलं होतं आणि रबराने साठवलेलं पाणी तिथेच मुरलं. आता तिथे रबरापासून ३ मिलिमीटर अलीकडेच कापतो.