परसबागेचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह मायक्रोकंट्रोलरने कसा चालवावा

सोलेनॉइड व्हॉल्व्ह म्हणजे विजेने उघडणारा नळ. कॉइलला वीज दिली की तो उघडतो आणि वीज तोडली की आतली स्प्रिंग त्याला बंद करते. हे काम मायक्रोकंट्रोलरकडून करून घेणे अवघड नाही, पण या जोडणीत बिघाड झाला तर तो बहुधा प्रोग्रॅममध्ये नसतो. तो पाण्याच्या दाबात, अ‍ॅडॉप्टरमध्ये किंवा दोन रुपयांच्या डायोडमध्ये असतो. पुढील मांडणी एका दुमजली घरामागच्या परसबागेची आहे. टाकी गच्चीवर, वाफे जमिनीवर, अर्धा इंची १२ व्होल्ट डीसी व्हॉल्व्ह आणि नियंत्रणासाठी ईएसपी३२ बोर्ड, असे तिचे स्वरूप आहे.

व्हॉल्व्ह घेण्याआधी उंची मोजा

बाजारात सहज मिळणारे पांढरे प्लॅस्टिकचे व्हॉल्व्ह वॉशिंग मशीनच्या व्हॉल्व्हच्या जातीचे असतात. त्यांची कॉइल मुख्य वाट स्वतः उघडत नाही. ती एक बारीक छिद्र उघडते आणि मग पाण्याच्याच दाबाने आतला रबरी पडदा उचलला जातो. त्यामुळे अशा व्हॉल्व्हला किमान दाब लागतो. त्याच्या अंगावर ०.०२ ते ०.८ मेगापास्कल असे छापलेले असेल, तर त्यातील ०.०२ हा आकडा महत्त्वाचा. एवढा दाब मिळण्यासाठी पाण्याची पातळी व्हॉल्व्हच्या सुमारे २ मीटर वर असावी लागते.

माझा पहिला प्रयत्न इथेच फसला होता. तेव्हा कुंड्या गच्चीवर होत्या आणि टाकीचा तळ व्हॉल्व्हपासून जेमतेम सव्वा मीटर वर होता. कॉइल ‘टक’ असा आवाज करायची, पण कधी नुसती धार ठिबकायची, तर कधी बंद केल्यावरही पाणी वाहत राहायचे. दोन संध्याकाळी मी प्रोग्रॅम तपासत बसलो. दोष पूर्णपणे उंचीचा होता. गच्चीवरच्या बागेसाठी ‘शून्य दाबावर चालणारा’, म्हणजे कॉइलने थेट उघडणारा व्हॉल्व्ह घ्यावा. जमिनीवरच्या बागेला टाकीपासून ७ मीटर उंची मिळत असेल तर साधा व्हॉल्व्ह पुरतो.

व्हॉल्व्ह ‘नॉर्मली क्लोज्ड’ प्रकारचाच घ्यावा, म्हणजे वीज गेली की पाणी आपोआप बंद होईल.

वीजपुरवठा ठरवणे

प्रथम मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजावा. माझ्या कॉइलचा रोध ३० ओहम भरला. १२ व्होल्टला ३० ने भागले की ०.४ अँपिअर प्रवाह येतो आणि कॉइल सुमारे ५ वॉट वीज खाते. ईएसपी३२ वाय-फाय वापरताना क्षणभर ३.३ व्होल्टवर अर्ध्या अँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शकतो. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणाऱ्या स्टेप-डाउन मॉड्यूलमधून पाहिले तर १२ व्होल्टच्या बाजूला हा भार सुमारे ०.२ अँपिअरचा होतो. बेरीज ०.६ अँपिअर झाली. कागदावर १ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर पुरेसा आहे, पण स्वस्त अ‍ॅडॉप्टर लेबलवरच्या आकड्याजवळ पोहोचले की त्यांचे व्होल्टेज घसरते, म्हणून १२ व्होल्ट २ अँपिअरचा घ्यावा.

अ‍ॅडॉप्टर घरातच ठेवावा आणि बाहेर केवळ १२ व्होल्टची तार न्यावी. ओल्या मातीजवळ २३० व्होल्ट नेण्याचे काहीच कारण नाही. १५ मीटर अंतरासाठी ०.५ चौरस मिलिमीटरची दुपदरी तांब्याची तार घेतली, तर जाऊन-येऊन ३० मीटर तारेत अर्धा व्होल्टही पडत नाही. खात्री करायची असेल तर व्हॉल्व्ह चालू असताना कॉइलच्या टोकांवरच व्होल्टेज मोजावे. ते ११ च्या वर असले की चिंता नाही. व्हॉल्व्ह बंद असतानाच्या मोजमापावरून काहीच कळत नाही, कारण तेव्हा तारेतून प्रवाह वाहत नसतो.

ईएसपी३२ साठी याच १२ व्होल्टमधून स्टेप-डाउन मॉड्यूलने ५ व्होल्ट काढावेत. मॉड्यूलचा स्क्रू फिरवून आधी मीटरवर ५ व्होल्ट आणावेत आणि मगच बोर्ड जोडावा.

मॉसफेटची जोडणी

ईएसपी३२ ची पिन ३.३ व्होल्टची असते आणि ती काही मिलिअँपिअरच देऊ शकते, म्हणून कॉइल आणि पिन यांच्यामध्ये मॉसफेट हवा, म्हणजे गेटवरच्या व्होल्टेजने ड्रेन ते सोर्स ही वाट उघडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. मी `IRLZ44N` वापरतो. नावातला `L` महत्त्वाचा आहे. `IRFZ44N` दिसायला हुबेहूब तसाच असतो, पण त्याला पूर्ण उघडायला १० व्होल्ट लागतात, ३.३ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो, तापतो आणि व्हॉल्व्ह उचलत नाही. दुकानात नाव वाचून घ्यावा.

अ‍ॅडॉप्टरचा धन ध्रुव थेट कॉइलच्या एका टोकाला जोडावा, कॉइलचे दुसरे टोक मॉसफेटच्या ड्रेनला आणि सोर्स ऋण ध्रुवाला. ईएसपी३२ ची पिन २२० ओहमच्या रोधकातून गेटला जोडावी. गेट आणि सोर्स यांच्यामध्ये १० किलोओहमचा रोधक लावावा. बोर्ड सुरू होत असताना पिन काही क्षण अधांतरी असते, तेव्हा हा रोधक गेट खाली धरून ठेवतो. तो नसेल तर वीज परत येताच व्हॉल्व्ह आपणहून उघडू शकतो. मॉड्यूल, बोर्ड आणि सोर्स या सर्वांचे ग्राउंड एकत्र हवे, मात्र कॉइलचा प्रवाह सोर्सपासून जाड तारेने सरळ अ‍ॅडॉप्टरकडे परतावा. तो बोर्डाच्या बारीक ग्राउंड तारेतून फिरवू नये.

फ्लायबॅक डायोड

वाहता नळ झटकन बंद केला की पाइप धडकन वाजतो, कारण चालते पाणी एका क्षणात थांबायला तयार नसते. कॉइलमधला प्रवाहही तसाच वागतो. मॉसफेट बंद झाला तरी ०.४ अँपिअर प्रवाह पुढे जाऊ पाहतो, वाट मिळत नाही आणि ड्रेनवरचे व्होल्टेज क्षणार्धात अनेक पटींनी चढते. कॉइलला समांतर लावलेला डायोड या प्रवाहाला कॉइलमध्येच गोल फिरून विरण्याची वाट देतो.

यासाठी `1N4007` योग्य आहे. डायोडवरची चंदेरी पट्टी धन ध्रुवाच्या बाजूला आणि दुसरे टोक ड्रेनच्या बाजूला यावे. एरवी तो उलटा बसलेला असल्याने त्यातून प्रवाह जात नाही. तो चुकून पालटा लावला, तर मॉसफेट चालू होताच अ‍ॅडॉप्टर शॉर्ट होतो, डायोड चटका बसेल इतका तापतो आणि बहुधा अ‍ॅडॉप्टर बंद पडतो. डायोड निवडताना तो कॉइलचा पूर्ण प्रवाह सहन करील एवढे पाहावे. `1N4148` सारखा काचेचा छोटा डायोड या कामाचा नाही. डायोडमुळे व्हॉल्व्ह सेकंदाच्या काही शतांशांनी उशिरा मिटतो, पण बागेला त्याने फरक पडत नाही.

डायोड विसरूनही मांडणी काही दिवस नीट चालते, आणि तीच खरी फसवणूक आहे. `IRLZ44N` ५५ व्होल्टच्या पुढचा उसळता दाब काही प्रमाणात स्वतःच्या अंगावर घेतो, म्हणून तो लगेच जळत नाही. पण तोच धक्का लांब तारेवरून पसरतो आणि बोर्ड अधूनमधून रीसेट होतो.

ही संपूर्ण चर्चा डीसी कॉइलपुरती आहे. शेतातल्या ठिबक संचांवर अनेकदा २४ व्होल्ट एसी कॉइल असते. तिला डायोड लावल्यास दर दुसऱ्या अर्धचक्रात पुरवठा शॉर्ट होईल. तिथे रिले आणि त्याच्या संपर्कांवर ठिणगी शोषणारा स्नबर अशी वेगळी मांडणी लागते.

प्रोग्रॅममध्ये एकच हट्ट

व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे घड्याळावर ठरवा किंवा बटणावर, पण कमाल वेळेची मर्यादा वेगळी आणि स्वतंत्र असावी.

```cpp
const int VALVE = 26;
const unsigned long MAX_MS = 10UL * 60UL * 1000UL;
unsigned long startedAt = 0;
bool isOpen = false;

void openValve() {
  if (isOpen) return;
  digitalWrite(VALVE, HIGH);
  startedAt = millis();
  isOpen = true;
}

void closeValve() {
  digitalWrite(VALVE, LOW);
  isOpen = false;
}

void setup() {
  pinMode(VALVE, OUTPUT);
  closeValve();
}

void loop() {
  if (isOpen && millis() - startedAt >= MAX_MS) closeValve();
}
```

`openValve()` मधली पहिली ओळ काढू नये. ती नसेल तर उघडण्याचा आदेश पुन्हा पुन्हा आल्यावर मोजणी दर वेळी शून्यापासून सुरू होईल आणि मर्यादा कधीच लागू होणार नाही. चाचणीसाठी `MAX_MS` १० सेकंदांवर आणावे आणि `setup()` च्या शेवटी `openValve()` लिहावे.

हाताने पाणी देण्याची वाट

वीज गेली, बोर्ड बिघडला किंवा घरातले सगळे गावाला गेले आणि शेजारच्या काकूंनी पाणी द्यायचे ठरले, तर त्यांना साधा कॉक फिरवता आला पाहिजे. त्यासाठी सोलेनॉइडच्या आधी एक टी आणि नंतर एक टी बसवून त्यांच्यामध्ये समांतर पाइप टाकावा आणि त्या पाइपवर बॉल व्हॉल्व्ह लावावा. सोलेनॉइडच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन दिले, तर तो बदलायला किंवा साफ करायला काढल्यावरही बाग चालू राहते. ठिबकची जाळीची गाळणी मात्र पहिल्या टीच्याही आधी हवी, नाहीतर बायपासमधून गाळ सरळ ड्रिपरमध्ये जाईल.

सोलेनॉइड बसवताना त्याच्यावरचा बाण पाण्याच्या दिशेने असावा आणि कॉइल शक्यतो वर असावी. टेफ्लॉन टेप गुंडाळताना आट्यांचा पहिला वेढा मोकळा सोडावा. माझ्या व्हॉल्व्हमध्ये टेपचा नखाएवढा तुकडा त्या बारीक छिद्राशी अडकला होता आणि वीज तोडल्यावरही पाणी थेंबथेंब येत होते. दोन्ही बाजूंचे कॉक बंद करून, चार स्क्रू काढून पडदा धुतल्यावर तो मिटू लागला.

बायपासच्या कॉकची मूठ रस्त्यातून जाता-येता दिसेल अशी ठेवावी. तो उघडा राहिला तर प्रोग्रॅमची दहा मिनिटांची मर्यादा त्याला लागू होत नाही आणि टाकी रिकामी होईपर्यंत कोणालाच पत्ता लागत नाही. वीज असून फक्त बोर्ड बंद असेल, तर ड्रेन आणि ग्राउंड यांच्यामध्ये लावलेला साधा स्विचही व्हॉल्व्ह उघडतो, पण त्यालाही ही मर्यादा नसते.

बोर्ड रीसेट होत असेल तर

रीसेट नेमका केव्हा होतो ते पाहावे. व्हॉल्व्ह उघडताना होत असेल तर दोष पुरवठ्याचा. सीरियल मॉनिटरवर बहुधा `Brownout detector was triggered` असे दिसते आणि अ‍ॅडॉप्टर बदलावा लागतो. व्हॉल्व्ह मिटताना होत असेल, तर डायोड तुटलेला, सुटलेला किंवा लावायचाच राहिलेला असतो. पुरवठा बंद करून, कॉइलची एक तार सोडवून तो मीटरच्या डायोड रेंजवर तपासावा. एका दिशेने ०.५ ते ०.७ व्होल्ट आणि दुसऱ्या दिशेने काहीच नाही, असे दिसले तर डायोड ठीक आहे आणि मग सोल्डरचे जोड पाहावेत.