‘काळ सोकावतो’ असं कुणी म्हटलं, तर तपासायचं कसं?

कायद्यावर वाद रंगला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो.’ म्हणजे आजची सवलत छोटी आहे, पण उद्या तिच्यामागून काय काय येईल बघा. यावर ‘हा तर्कदोष आहे’ असं म्हणून हात झटकणारेही भेटतात. मला दोन्ही घाई वाटतात. काही उतार खरंच निसरडे असतात, म्हणून प्रत्येक पायरी वेगळी तपासावी. उदाहरण दयामरणाचं घेऊ, कारण तिथे हा युक्तिवाद सर्वांत जास्त चालतो आणि तपासायला पुरावाही आहे.

आधी मधल्या पायऱ्या वदवून घ्या. ‘आज उपचार थांबवायला परवानगी दिली, तर उद्या मुलं म्हाताऱ्या आईबापांना संपवतील’ या वाक्यात फक्त पहिली आणि शेवटची पायरी आहे. बोलणाऱ्यालाच विचारा, मधे काय काय घडावं लागेल? मग कागदावर साखळी उतरते: एक, जगण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे उपचार थांबवणं. दोन, तशी इच्छा आधीच लिहून ठेवण्याची सोय. तीन, त्यासाठीच्या अटी सैल होणं. चार, इंजेक्शन देऊन मृत्यू. पाच, मरणाच्या दारात नसलेल्यांनाही ते मिळणं. सहा, घरच्यांच्या दबावाखाली ते घेतलं जाणं.

घडलेलं आणि न घडलेलं वेगळं करा. भारतात 2011 साली, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पहिली पायरी मान्य केली, पण उच्च न्यायालयाच्या परवानगीची अट घालून. (खुद्द अरुणाताईंच्या बाबतीत मात्र परवानगी नाकारली.) 2018 मध्ये लिव्हिंग विल, म्हणजे उपचार थांबवण्याची इच्छा आधीच लिहून ठेवणारं इच्छापत्र, आलं आणि उच्च न्यायालयाऐवजी डॉक्टरांची मंडळं आली. 2023 मध्ये इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागण्याची अट गेली, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा झाला. म्हणजे काळ सोकावतो म्हणणारा इथपर्यंत बरोबर होता, आणि ते कबूल करावं. पण नीट पाहा, सैल झाली ती कागदपत्रांची पद्धत. कोणाला आणि काय मिळणार, ती रेघ हललेली नाही.

पुढच्या पायरीवर ढकलणारं काय आहे ते शोधा. माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यावा. कॅनडात 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या मदतीने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या आधारे दिला. 2016 च्या कायद्यात ‘मृत्यू नजीकच्या काळात अपेक्षित असावा’ अशी अट होती. 2019 मध्ये क्वेबेकच्या न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली आणि 2021 मध्ये कायदाच बदलला. कारण आधार असह्य वेदनेचा असेल, तर मृत्यू जवळ नसलेल्याची वेदना कमी कशी मानायची? तर्कानेच पुढे ढकललं. उलट अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात 1997 पासून लागू असलेला कायदा लोकांच्या मतदानातून आला. त्यात सहा महिन्यांत मृत्यू संभवतो अशीच अट आहे आणि ती आजही टिकून आहे. रहिवासाची अट मात्र गेली. तेव्हा विचारा: पहिल्या पायरीसाठी दिलेलं कारण पुढच्या पायरीलाही तसंच लागू पडतं का? आणि मधे कुणाची संमती लागते? भारतात इंजेक्शनसाठी संसदेला नवा कायदा करावा लागेल, असंच न्यायालय म्हणत आलं आहे.

आता आकडा घाला. ‘बहुतेक होईलच’ म्हणजे शंभरात सत्तर धरू. पाच पायऱ्यांवर सत्तर-सत्तर टक्के धरले, तर शेवट गाठण्याची शक्यता 17 टक्क्यांवर येते. फक्त आकडा घालताना ‘आधीची पायरी घडलीच आहे’ असं धरून विचारा, कारण एक दार उघडलं की दुसरं उघडणं सोपं होऊ शकतं. भारतासाठी माझा अंदाज: पहिल्या तीन घडल्या, चौथी 30 टक्के, ती घडली तर पाचवी 50, मग सहावी 20. गुणाकार 3 टक्के. तुमचे आकडे वेगळे असतील, हरकत नाही. निदान भांडण नेमकं कोणत्या पायरीवर आहे ते कळेल. आणि 3 टक्के म्हणजे ‘सोडून द्या’ नव्हे. नुकसान जिवाचं असेल तर तेवढ्यासाठीही बंदोबस्त लागतो.

शेवटी, पहिली पायरी नसती तर? हा प्रश्न सगळेच विसरतात. पैसे संपले म्हणून आयसीयूतून ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ असं लिहून देऊन म्हाताऱ्या माणसाला घरी नेणं आपल्याकडे कुठल्याही निकालाची वाट पाहत थांबलेलं नव्हतं. हे त्या 3 टक्क्यांत धरायचं नाही, कारण त्याला हा उतार कारणीभूत नाही. उलट दोन मंडळांच्या, प्रत्येकी तीन डॉक्टरांच्या सह्या लागणारी पद्धत वापरात आली, तर तोच दबाव निदान कुणाच्या तरी नजरेस पडेल.