एका कागदाची जाडी फूटपट्टीने कशी मोजावी

साध्या फूटपट्टीवरची सर्वांत लहान खूण एक मिलिमीटरची असते आणि झेरॉक्सचा कागद साधारण त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा जाड असतो. त्यामुळे एक कागद पट्टीला लावून काहीच कळत नाही. पाचशे कागदांचा गठ्ठा मोजून उंचीला पाचशेने भागले, की मोजताना झालेली अर्ध्या मिलिमीटरची चूकही पाचशेने भागली जाते. मात्र भागल्याने लहान होते ती फक्त पट्टी वाचण्यातली चूक. कागदांमध्ये अडकलेली हवा गठ्ठ्याबरोबर वाढत जाते, त्यामुळे ती भागाकारात जशीच्या तशी उतरते. पुढच्या पायऱ्यांमधली बहुतेक खटपट या हवेसाठीच आहे.

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात ए-फोर आकाराच्या ७५ जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम भरणाऱ्या, कागदाचे पाचशेचे रीम मिळते. घरी ते वेष्टनातून काढावे, हातात धरून कडा एकदा फुलवाव्यात आणि टेबलावर दोन बाजूंनी ठोकून गठ्ठा सरळ करावा. पाचशे कागद मोजत बसायचे नसेल, तर स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरावा. ए-फोरचे क्षेत्रफळ ०.०६२४ चौरस मीटर असल्याने ७५ जीएसएमचा एक कागद सुमारे ४.७ ग्रॅम भरतो आणि पाचशे कागद सुमारे २.३४ किलो. काट्यावर यापेक्षा पाव किलो कमी वजन दिसले, तर रीम अर्धवट वापरलेले आहे असे समजून कागद मोजावेत.

आता ए-फोरपेक्षा किंचित मोठी, सपाट प्लायवुडची फळी घ्यावी आणि ती गठ्ठ्यावर ठेवून फळीच्या मधोमध पाच किलो गव्हाच्या पिठाची पिशवी ठेवावी. कागदाची कड दबलेली किंवा किंचित उचललेली असते आणि तिच्यावर नजर ठरत नाही. फळीची कड मात्र स्पष्ट दिसते. म्हणून पट्टी टेबलावर उभी धरून टेबलापासून फळीच्या वरच्या कडेपर्यंतची उंची वाचावी. वाचताना डोळा त्या कडेच्या पातळीत असावा, कारण वरून वाकून पाहिल्यास खूण सरकल्यासारखी दिसते. फळी एका बाजूला कललेली असू शकते, म्हणून चारही कोपऱ्यांशी वाचून सरासरी काढावी.

फळीची जाडी या उंचीत मिसळली आहे, पण ती वेगळी मोजून वजा करण्यापेक्षा एक अधिक चांगला मार्ग आहे. त्याच फळीखाली, त्याच पिशवीखाली आधी पाचशे आणि मग फक्त शंभर कागद ठेवून दोनदा मोजावे आणि मोठ्या उंचीतून लहान उंची वजा करावी. फळी दोन्ही वेळा सारखीच असल्याने ती आपोआप वगळली जाते. प्लास्टिकच्या पट्टीत शून्याच्या खुणेआधी सोडलेली जागाही तशीच निघून जाते. उरते ती निव्वळ चारशे कागदांची जाडी.

समजा, शून्य अगदी टोकाला असलेल्या स्टीलच्या पट्टीने पाचशे कागदांना ६९.५ मिलिमीटर आणि शंभर कागदांना २९.० मिलिमीटर उंची मिळाली. फरक ४०.५ मिलिमीटर आला. त्याला ४०० ने भागले की एका कागदाची जाडी ०.१०१ मिलिमीटर मिळते. प्रत्येक वाचनात अर्धा मिलिमीटर चूक धरली, तर वजाबाकीत फार तर एक मिलिमीटर चूक होईल, म्हणजे एका कागदामागे ०.००२५. तेव्हा उत्तर ०.१०१ असे लिहावे, कॅल्क्युलेटर ०.१०१२५ दाखवत असला, तरी शेवटच्या दोन अंकांना अर्थ नाही. ताळा करायचा असल्यास शंभर कागदांचे १०.१ मिलिमीटर २९.० मधून वजा करावेत. उरलेले १८.९ मिलिमीटर म्हणजे फळीची जाडी असायला हवी. फळी प्रत्यक्ष मोजून ती १९ च्या आसपास आली, तर मोजमाप विश्वासार्ह आहे. दोन मिलिमीटरचा फरक आला, तर कुठेतरी कागद मोजण्यात किंवा वजन ठेवण्यात घोटाळा आहे.

हवेचे काय झाले, हे पाहायचे असेल तर पिशवीवर आणखी एक पाच किलोची पिशवी ठेवून दोन्ही उंच्या पुन्हा वाचाव्यात. फरक ४०.५ वरून खाली घसरला, तर हवा अजून शिल्लक होती. तो तिथेच राहिला, तर घरगुती कामापुरता गठ्ठा दबला आहे. तरीही आपले उत्तर प्रयोगशाळेतल्यापेक्षा थोडे जास्तच निघण्याची शक्यता असते. कागदाची जाडी मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयएसओ ५३४ मध्ये, १०० किलोपास्कल दाब नेहमीचा मानला जातो. पाच किलोची पिशवी संपूर्ण ए-फोरवर पसरली, की दाब एक किलोपास्कलही होत नाही. मानकातल्या १०० किलोपास्कलसाठी ए-फोरवर सहाशे किलोहून अधिक वजन ठेवावे लागेल. म्हणूनच प्रयोगशाळेतले उपकरण नखाएवढ्या जागेवरच दाब देते. एकच कागद घडी घालून घालून जाड करण्याचा मार्ग मला पटत नाही, कारण प्रत्येक घडीची धार फुगते आणि तिथे हवाच मोजली जाते.

पुस्तकातल्या कागदाची जाडी अशीच काढताना सर्वांत जास्त होणारी चूक मोजण्यातली नसून मोजदादीतली असते. छापलेले आकडे पृष्ठांचे असतात आणि एका कागदाला दोन पृष्ठे असतात, म्हणून ३५२ पृष्ठांच्या पुस्तकात क्रमांकित कागद १७६ च असतात. उत्तर ०.०५ मिलिमीटरच्या आसपास आले, तर बहुधा दोनने भागायचे राहून गेले आहे. शिवाय सुरुवातीची काही पाने बिनक्रमांकाची असतात आणि मध्येच गुळगुळीत कागदावरची चित्रे चिकटवलेली असतात. म्हणून पूर्ण पुस्तक मोजण्याऐवजी आतला एक सलग भाग घ्यावा: विषम पृष्ठावर सुरू होणारा आणि सम पृष्ठावर संपणारा. १७ ते ३३६ हा भाग घेतला, तर ३२० पृष्ठे, म्हणजे १६० कागद होतात. पुठ्ठा आणि कण्याकडची कड टाळावी, कारण शिलाई आणि सरस यांमुळे तिथे पाने फुगलेली असतात. समोरच्या मोकळ्या कडेच्या मध्यभागी दोन बोटांनी घट्ट दाबून मोजावे. १५.५ मिलिमीटर मिळाले, तर एक कागद ०.०९७ मिलिमीटरचा ठरतो आणि त्यात ०.००३ पर्यंत इकडेतिकडे होऊ शकते.

हे उत्तर पाकिटावरच्या जीएसएमवरून पडताळता येईल, असे समजू नये. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन. गुळगुळीत आर्ट पेपर त्याच जीएसएमच्या साध्या कागदापेक्षा पातळ भरतो, कारण तो अधिक घट्ट दाबलेला असतो. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये उघड्यावर राहिलेला गठ्ठा तर हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि त्याच्या कडांना लाटा येतात. पावसाळ्यात मोजायचे असेल, तर रीमचे वेष्टन फोडल्यावर लगेच मोजावे आणि एकाच कागदाची दोन वेळची मापे जुळली नाहीत, तर आधी गठ्ठा कुठे ठेवला होता ते पाहावे.