औषध दुकानाचा हिशेब: ‘टक्के कशावर?’ हे न विचारता होणाऱ्या चुका टाळा

नवीन औषध दुकानाचा कागदावरचा हिशेब बहुतेक वेळा एकाच ठिकाणी चुकतो. आकडे बरोबर असतात, बेरीज बरोबर असते, पण एक टक्का खरेदीवरचा असतो, दुसरा विक्रीवरचा, आणि दोन्ही एकाच रकान्यात मांडलेले असतात. एका तरुण फार्मासिस्ट बाईंनी दुकान उघडण्याआधी मला असाच हिशेब दाखवला होता. समजायला सोपे जावे म्हणून मी आकडे थोडे गोल केले आहेत. चलन आपापले धरावे.

घाऊक विक्रेता त्यांना विक्रीकिमतीवर २० टक्के ट्रेड डिस्काउंट देणार होता. म्हणजे १०० ला विकायचे औषध ८० ला मिळणार. तो म्हणाला, “तुम्हाला २५ टक्के सुटतात.” ते खोटे नव्हते. ८० वर २० म्हणजे २५ टक्केच. पण हा झाला मार्क-अप, खरेदीवरचा. भाडे, पगार, वीजबिल हे सगळे गल्ल्यात आलेल्या पैशातून जातात, आणि गल्ल्यातल्या १०० मध्ये आपले २० च असतात. मार्जिन २० टक्के.

दुकानाचा महिन्याचा खर्च त्यांनी ९०,००० काढला होता. २५ टक्क्यांनी भागले तर ३,६०,००० विक्रीला खर्च निघतो, म्हणून त्या निश्चिंत होत्या. २० टक्क्यांनी भागल्यावर तोच आकडा ४,५०,००० होतो. रोजच्या ३,००० च्या विक्रीचा फरक पडला, आणि दुकान अजून उघडलेलेही नव्हते. विक्रीकर असेल तर तो दोन्ही बाजूंनी आधी वजा करायचा, कारण तो आपला पैसा नाही.

गिऱ्हाइकाला दिलेली सूट विक्रीतून जात नाही, नफ्यातून जाते

ही सर्वांत महाग चूक आहे, म्हणून इथे थोडे थांबू. शेजारचे दुकान १० टक्के सूट देते, म्हणून आपणही द्यायची, असे सहज ठरते. १०० चे औषध ९० ला गेले, खरेदी ८० चीच. हातात २० ऐवजी १० राहिले. सूट १० टक्के, पण नफा निम्म्याने गेला. तेवढाच नफा हवा असेल तर दुप्पट पाकिटे विकावी लागतील. औषधाची गंमत अशी की सूट आहे म्हणून कोणी रक्तदाबाची गोळी दिवसातून जास्त वेळा घेत नाही. वाढीव विक्री दुसऱ्या दुकानाचे गिऱ्हाईक तुटून आले तरच होते.

बाईंनी ठरवले की निम्म्या विक्रीवरच सूट द्यायची. मूळ किमतीने ४,५०,००० चा माल गेला, तर त्यातल्या २,२५,००० वर २२,५०० सूट गेली. ढोबळ नफा ९०,००० वरून ६७,५०० वर, म्हणजे मूळ किमतीच्या १५ टक्क्यांवर आला. खर्च भरून काढायला आता मूळ किमतीने ६,००,००० चा माल विकायला हवा.

‘१० वर १ फुकट’ म्हणजे १० टक्के नव्हे

अकरा पाकिटे दहाच्या पैशात येतात, म्हणजे सूट अकरावा हिस्सा, साधारण ९.१ टक्के. फरक लहान दिसतो, आणि खरा घोळ तो नाहीच. ८० च्या दराने दहा पाकिटांचे ८०० दिले. अकराही १०० ला विकली तर ३०० सुटतात आणि मार्जिन २७.३ टक्के होते, उत्तमच. दहा विकली आणि एक मुदत संपून गेले, तर २०० सुटतात, म्हणजे स्कीम घेतली नसती तेवढेच. आठ विकली आणि तीन पडून राहिली, तर ८०० दिले, ८०० आले, हातात शून्य. स्कीमचा सगळा फायदा त्या शेवटच्या पाकिटात असतो, आणि तेच विकले जाण्याची खात्री सर्वांत कमी असते.

म्हणून स्कीम घेताना आधी पाहायचे की हे औषध महिन्याला किती जाते. महिन्याला दोन जात असतील तर अकरा पाकिटे साडेपाच महिने पुरतील. तेवढ्यात एक्स्पायरी येत नाही ना, आणि मुदत संपलेला माल घाऊक विक्रेता परत घेतो का, हे लेखी विचारून घ्या. तोंडी ‘घेऊ की’ हिशेबात धरू नका.

एकावर एक सुटींची बेरीजही करू नका. २० टक्के आणि वर ५ टक्के म्हणजे २५ नव्हे. १०० चे ८० होतात, ८० चे ५ टक्के वजा जाऊन ७६ राहतात. सूट २४ टक्केच. त्यातली ५ टक्क्यांची सूट लवकर पैसे दिल्याबद्दल असेल तर ती वेगळ्या ओळीत लिहा. ज्या महिन्यात पैसे उशिरा जातील त्या महिन्यात ती मिळणार नाही.

स्वतःचा पगार वगळलेला खर्च

बाईंच्या ९०,००० मध्ये भाडे ३०,०००, दोन माणसांचे पगार ४०,०००, वीज आणि फ्रीज ८,०००, सॉफ्टवेअर, विमा व लेखनिक मिळून ६,००० आणि कर्जाचे व्याज ६,००० होते. त्या स्वतः दिवसभर काउंटरवर उभ्या राहणार होत्या, पण त्यांचे नाव त्या यादीत नव्हते. त्यांच्या जागी दुसरा फार्मासिस्ट ठेवला तर ३०,००० द्यावे लागले असते. ते धरल्यावर खर्च १,२०,००० झाला, आणि निम्म्या विक्रीवरची सूट चालू ठेवायची तर मूळ किमतीने ८,००,००० चा माल विकणे आले. सुरुवातीच्या ३,६०,००० पासून आपण इथवर आलो. शेवटी त्यांनी सूट फक्त दर महिन्याला ठरलेली औषधे नेणाऱ्यांपुरती ठेवली.

गळती कुठे आहे, हे कसे ओळखाल

बिलिंग सॉफ्टवेअर दाखवते ते मार्जिन अपेक्षित असते. खरे मार्जिन काढायला महिन्याअखेर कपाटातला माल मोजावा लागतो. सुरुवातीचा माल, अधिक खरेदी, वजा शेवटचा माल, म्हणजे विकलेल्या मालाची किंमत. समजा सुरुवातीला ६,००,००० चा माल होता, खरेदी ३,७०,००० झाली आणि शेवटी ६,०४,००० चा माल उरला. विकला गेला ३,६६,००० चा. मूळ किमतीने ४,५०,००० ची विक्री होऊन, निम्म्या विक्रीवरची सूट वजा जाऊन गल्ल्यात ४,२७,५०० आले असतील, तर नफा ६१,५००, म्हणजे १४.४ टक्के. बिलांप्रमाणे तो ६७,५०० हवा होता. हे ६,००० शोधायचे.

आधी मुदत संपलेला, बाजूला काढलेला माल पाहा. मग घाऊक विक्रेत्याची बिले घ्या आणि ठरलेली सूट प्रत्येक ओळीत खरोखर वजा झाली आहे का ते तपासा. तिथे बऱ्याचदा सापडते. त्यानंतर बिलाशिवाय गेलेली पाकिटे, आणि चोरीचा संशय सर्वांत शेवटी. एक खबरदारी मात्र मोजतानाच घ्या: उरलेला माल खरेदीकिमतीने धरा, आणि स्कीमचा माल ८० ने नव्हे, ८०० ला अकरा या हिशेबाने ७२.७३ ने. विक्रीकिमतीने धरलात तर न झालेला नफा कागदावर येतो आणि गळती त्याखाली झाकली जाते.