‘जाऊन’ की ‘गेल्यावर’? वाक्यातला ‘ऊन’ असा तपासा

‘आई बर्डीवरून भाजी आणून आम्ही जेवायला बसलो.’ बोलताना हे खपून जातं, कागदावर मात्र खटकतं. एक काम आटोपून दुसरं केलं हे सांगायला मराठीत ‘ऊन’ आहे, पण साधारणपणे दोन्ही कामं करणारा एकच असावा लागतो.

तपासणी शेवटच्या क्रियापदापासून सुरू करा. कोण बसलं? आम्ही. आता ‘ऊन’च्या क्रियापदाला तेच विचारा. भाजी कोणी आणली? आईने. कर्ते दोन निघाले, म्हणजे इथे ‘ल्यावर’ हवा: ‘आईने भाजी आणल्यावर आम्ही जेवायला बसलो.’

‘आई’ची ‘आईने’ झाली, तिकडे लक्ष द्या. ‘आणल्यावर’ला स्वतःचा कर्ता ठेवता येतो, ‘आणून’ मात्र मुख्य क्रियापदाच्याच कर्त्यावर भागवतं. म्हणून ‘आई भाजी आणून झोपली’, पण ‘आईने भाजी आणून निवडली’. ‘ने’ लागणार की नाही, हे शेवटचं क्रियापद ठरवतं. बरीच वाक्यं इथेच घसरतात, कारण लिहिणाऱ्याची नजर जवळच्या ‘आणून’वर असते.

कर्ते वेगळे दिसले की लगेच लाल पेन चालवू नका. ‘पाऊस पडून रस्ते खराब झाले’ यात पहिली गोष्ट दुसरीचं कारण आहे, आणि ‘तिला येऊन चार दिवस झाले’ यात गेलेला काळ मोजला आहे. ही दोन्ही वाक्यं चांगली मराठी आहेत. ‘हे ऐकून मला वाईट वाटलं’ हेही बरोबर, कारण ऐकणारा आणि वाईट वाटणारा एकच आहे.

आता खास आपल्या नागपूरची गोष्ट. ‘काय करून राहिला बे?’ ‘जेवून राहिलो ना!’ इथे ‘ऊन’ आहे, पण एकामागून एक घडलेलं काहीच नाही. जेवण अजून चालूच आहे. शंका आली तर ‘ऊन’च्या जागी ‘आणि मग’ घालून बघा. ‘जेवलो आणि मग निघालो’ जमतं, ‘जेवलो आणि मग राहिलो’ म्हटलं की मूळ अर्थच जातो. प्रमाण मराठीत लिहायचं असेल तर तिथे ‘जेवतो आहे’ करा. गोष्टीतल्या संवादात मात्र ‘जेवून राहिलो’ तसंच ठेवा, ते चूक नाही.

नकार असेल तर ‘ऊन’ गळतो: ‘न जेवता निघालो’.

शेवटी ऱ्हस्व-दीर्घाबरोबर ‘ऊन’ की ‘वून’ तेही बघा. क्रियापदाचं आज्ञेचं रूप म्हणा. ‘तू जेव’, ‘तू ठेव’ यांत शेवटी ‘व’ ऐकू येतो, म्हणून जेवून, ठेवून. ‘तू जा’, ‘तू खा’ यांत ‘व’ नाही, म्हणून जाऊन, खाऊन. ‘जावून’ आणि ‘खावून’ दुकानांच्या पाट्यांवर कितीही दिसले तरी चुकीचेच.