डिबेटची तयारी करताय? मग कन्फर्मेशन बायसच्या या चुका टाळा

जुलै महिन्यात खानापूर, बेळगाव भागातल्या कुठल्याही शाळेत विचारा, पोरं ठामपणे सांगतील की डीसींनी पावसाची सुट्टी दिली की त्या दिवशी हमखास ऊन पडतं. पुरावा पण असतो, "मागच्या वर्षी नव्हतं का झालं तसं!" झालं असेल की. पण सुट्टी दिली आणि दिवसभर धो धो कोसळला असे दिवस किती होते ते कोणी सांगत नाही, कारण त्या दिवशी सगळे घरात बसलेले, त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही घडलंच नाही. सुट्टी नव्हती आणि ऊनही पडलं, ते दिवस तर हिशोबातच नाहीत. आपल्या मनात जे आधीच बसलंय त्याला जुळणारं तेवढं दिसतं, तेवढंच आठवतं, आणि न जुळणारं आपोआप गळून जातं. यालाच कन्फर्मेशन बायस म्हणतात. इथे कोणी खोटं बोलत नाही, सगळ्यांना मनापासून तसंच वाटतं, म्हणून तर तो पकडायला अवघड.

आता डिबेटकडे येऊया. समजा विषय आलाय, "शाळेत मोबाईलवर पूर्ण बंदी असावी", आणि चिठ्ठी उचलली तर तुमच्या टीमला अनुकूल बाजू आली. स्टेजवर एकाच बाजूने बोलणं हा बायस नाही, ते तुमचं कामच आहे. गडबड होते ती तयारीत, कारण चिठ्ठीत आलेली बाजू दोन दिवसांत आपलं स्वतःचं मत होऊन बसते आणि मग पुढच्या चुका सुरू होतात.

पहिली चूक: फक्त "हो" मिळेल असेच प्रश्न विचारणं

लंडनमधले मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी 1960 साली एक साधा प्रयोग छापला. लोकांना 2-4-6 हे तीन आकडे दिले आणि सांगितलं, यामागे माझा एक नियम आहे, तुम्ही तुमचे तीन-तीन आकडे सांगा, ते नियमात बसतात की नाही ते मी सांगतो, खात्री झाली की नियम ओळखा. बऱ्याच जणांनी मनात धरलं की दोन-दोनने वाढतंय, मग 8-10-12 विचारलं, हो. 20-22-24, हो. झाली खात्री! आणि उत्तर चुकलं. नियम एवढाच होता की आकडे चढत्या क्रमाने हवेत. 1-2-3 चालतं का एवढं एकदा विचारलं असतं तर लगेच कळलं असतं, पण आपला अंदाज पडेल असा प्रश्न विचारायचं सुचतच नाही.

सर्च करताना अगदी हेच होतं. "मोबाईलचे दुष्परिणाम" टाकलं की दुष्परिणामच येणार, दहा पानं वाचून आपल्याला वाटतं केवढा अभ्यास झाला, पण ती दहा वेळा मिळालेली 8-10-12 आहे. "मोबाईल बंदीचा मार्कांवर परिणाम" असं दोन्हीकडे उघडं ठेवून शोधा, आणि एकदा मुद्दाम "मोबाईल बंदीचा उपयोग झाला नाही" असंही शोधा.

दुसरी चूक: आपल्या पुराव्याला एक माप, त्यांच्या पुराव्याला दुसरं

ही खरी मोठी चूक, कारण इथे दोन्ही बाजू वाचूनसुद्धा माणूस फसतो. 1979 साली स्टॅनफर्डमध्ये चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी 48 विद्यार्थी घेतले, अर्धे फाशीच्या शिक्षेच्या बाजूचे, अर्धे विरोधातले. सगळ्यांना दोन अभ्यास वाचायला दिले, एकात फाशीमुळे खून कमी होतात असं दाखवलेलं, दुसऱ्यात होत नाहीत असं. अभ्यास संशोधकांनीच रचलेले होते, आणि कुठली पद्धत कुठल्या निकालाला जोडायची हे ते आलटून पालटून बदलत होते. तरी प्रत्येकाला आपल्या मताचा अभ्यास भक्कम वाटला आणि दुसऱ्यात खोट सापडली, म्हणजे तीच पद्धत निकाल आवडला तर चांगली, नाही आवडला तर कच्ची. दोन्ही बाजू वाचल्यावर आपलं मत आणखी पक्कं झालं असं दोन्ही गटांनी सांगितलं.

आता हे मोबाईलच्या विषयावर लावून बघूया. इंग्लंडमधल्या 4 शहरांतल्या 91 शाळांचा एक अभ्यास 2015 साली आला, त्यात बंदीनंतर मार्क वाढलेले दिसले, आणि ती वाढ मुख्यतः अभ्यासात मागे असलेल्या मुलांची होती. 2020 साली स्वीडनमध्ये जवळपास त्याच पद्धतीने अभ्यास झाला, तिथे बंदीने मार्कांत फरक पडलेला दिसला नाही.

तुमची टीम काय करेल? इंग्लंडचा अभ्यास मोठ्या अक्षरात वहीत, आणि स्वीडनचं नाव निघालं की "ते सर आपल्याला लागू होत नाही, तो थंड देश, तिथली पोरं वेगळी, शाळा वेगळ्या." बरं, मग इंग्लंड काय निपाणीच्या पुढे आहे काय?

इथे नुसतं "निष्पक्ष राहा" सांगून भागत नाही. लॉर्ड, लेपर आणि प्रेस्टन यांनी 1984 साली हेच तपासलं. एका गटाला सांगितलं, न्यायाधीशासारखे निष्पक्ष राहून वाचा, त्याने विशेष फरक पडला नाही. दुसऱ्या गटाला सांगितलं, प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा, हाच अभ्यास जसाच्या तसा असता आणि निकाल उलटा आला असता तर मी हेच म्हटलं असतं का? त्या गटात एकतर्फीपणा बराच कमी झाला.

तर विचारा: स्वीडनमध्ये मार्क वाढलेले दिसले असते तर आपण "थंड देश" म्हटलं असतं का? नाही ना, उलट टाळ्या घेतल्या असत्या. मग ती हरकत खोडून टाका. आता इंग्लंडकडे उलटं वळा: तिथे फरक पडला नसता तर आपण काय शंका काढल्या असत्या? बंदीच्या वेळीच शाळेत दुसरं काही बदललं होतं का, हुशार मुलांचं काय झालं, बंदी पाळली गेली का नुसती नोटीस लागली. या शंका खऱ्या आहेत, आणि त्या दोन्ही अभ्यासांना सारख्याच लागू पडतात.

एवढं केल्यावर "बंदीने सगळ्यांचे मार्क वाढतात" हे वाक्य टिकत नाही. टिकतं ते असं: "बंदीचा फायदा सगळीकडे दिसलेला नाही, पण जिथे दिसला तिथे तो मागे पडलेल्या मुलांना झाला, म्हणून आमची बाजू त्या मुलांसाठी आहे." हे वाक्य लहान वाटेल, पण समोरच्याने स्वीडन काढलं तरी पडत नाही.

आपल्यात हे चाललंय का ते ओळखायची खूण तुमच्या वहीतच असते. नोट्सचा समास बघा. विरोधी पुराव्यांशेजारी प्रश्नचिन्हं, "किती मुलं?", "कोणी केलं?", आणि आपल्या पुराव्यांशेजारी फक्त टिक मार्क, असं असेल तर समजून जा. स्वतःला हे सहसा दिसत नाही, म्हणून वह्या अदलाबदल करा, आणि टीममधल्या एकाला तयारीचे सगळे दिवस विरोधी बाजूच द्या, शेवटच्या दिवशी अर्धा तास नव्हे. दुसऱ्याच्या मुद्द्यातली खोट आपल्याला पटकन सापडते, तेवढा स्वभाव इथे कामाला येतो.

आठवणीतल्या उदाहरणांचं थोडक्यात. "आमच्या गल्लीतला एक पोरगा मोबाईलमुळे एसएसएलसीला नापास झाला" असलं उदाहरण घेण्याआधी बाकीचे तीन खाने भरा: मोबाईल होता आणि पास झाला असे किती, मोबाईल नव्हता आणि नापास झाला असे किती, नव्हता आणि पास झाला असे किती. भरता आले नाहीत तर ते उदाहरण भाषणाच्या सुरुवातीला लक्ष वेधायला वापरा, पुरावा म्हणून नको, कारण रिबटलमध्ये समोरचा नेमके तेच तीन खाने मागेल.